केळी उत्पादकांच्या विमाविश्वासाची मापनश्रेणी : वैधता आणि विश्वसनीयता कशी तपासायची

(संशोधन पद्धती, एम.ए. समाजशास्त्र, लेखी स्वाध्याय)

रावेर आणि यावल तालुक्यांतल्या केळी उत्पादकांचा हवामान आधारित फळपीक विम्यावर किती विश्वास आहे, हे मोजण्यासाठी आमच्या गटाने एक मापनश्रेणी तयार केली. तिच्यात बारा विधानं आहेत आणि प्रत्येकापुढे 'पूर्णपणे असहमत' (१) ते 'पूर्णपणे सहमत' (५) असे पाच पर्याय. रेन्सिस लिकर्ट यांनी १९३२ मध्ये मांडलेलीच ही पद्धत. पण बारा विधानं लिहिली म्हणून विश्वास मोजला गेला असं होत नाही. श्रेणी खरोखर विश्वासच मोजते का, हा वैधतेचा प्रश्न. आणि ती सातत्याने मोजते का, हा विश्वसनीयतेचा.

या दोन्हींतला फरक याच विम्याच्या उदाहरणातून नीट कळतो. भरपाई ठरते ती महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राच्या नोंदींवर. समजा, एखादं केंद्र पत्र्याच्या छपराजवळ बसवलं आहे आणि ते रोज खऱ्या तापमानापेक्षा दोन अंश जास्त दाखवतं. त्याच्या नोंदींत सातत्य आहे, म्हणजे ते विश्वसनीय आहे. पण तो आकडा खरं तापमान सांगत नाही, म्हणून वैध नाही. थंडीने केळीची वाढ थांबते, घड नीट भरत नाही, तरी नोंदीत थंडी दिसतच नाही. उलट, केंद्र आज दोन अंश वर, उद्या चार अंश खाली असं वागलं, तर त्यावरून काहीच ठरवता येणार नाही. म्हणून विश्वसनीयता नसेल तर वैधता शक्य नाही. मात्र विश्वसनीयता असली की वैधता आपोआप येते, असंही नाही. बहुतेक प्रबंधांत विधानांची आपसातली सुसंगती मोजणाऱ्या क्रोनबॅक अल्फाचा एक आकडा देऊन 'साधन प्रमाणित केले' असं लिहिलेलं असतं. माझ्या मते ही मोठी गल्लत आहे, आणि म्हणूनच या स्वाध्यायात वैधता आधी घेतली आहे.

वैधता

पहिली पायरी आशय वैधतेची. विमाविश्वासाच्या सगळ्या बाजू विधानांत आल्या आहेत का? आमच्या व्याख्येनुसार त्या तीन : कंपनी पैसे देईल हा विश्वास, हवामान केंद्राच्या आकड्यांवरचा विश्वास, आणि तक्रार केली तर कुणी ऐकेल हा विश्वास. ही व्याख्या विधानं लिहिण्याआधी कागदावर असावी लागते. नाहीतर विधानं एकाच बाजूला झुकतात. त्यानंतर विधानं तज्ज्ञांना दाखवायची. तज्ज्ञ म्हणजे केवळ प्राध्यापक नव्हेत. कृषी सहाय्यक, सहकारी सोसायटीचे सचिव आणि विम्याचे दावे केलेले अनुभवी बागायतदारही त्यांत हवेत. प्रत्येकाने प्रत्येक विधानाबद्दल 'आवश्यक', 'उपयुक्त पण आवश्यक नाही' किंवा 'नको' असं सांगायचं. यातून आकडा काढायची सोपी रीत लॉशे यांनी १९७५ मध्ये दिली :

```
CVR = (ne − N/2) / (N/2)
```

यात N म्हणजे एकूण तज्ज्ञ आणि ne म्हणजे 'आवश्यक' म्हणणारे. आठांपैकी सात जण 'आवश्यक' म्हणाले तर (७ − ४) ÷ ४ = ०.७५. आठ तज्ज्ञांसाठी लॉशे यांच्या तक्त्यात किमान मूल्य ०.७५ च आहे, त्यामुळे ते विधान राहतं. सहाच जण म्हणाले तर ०.५० येतं आणि विधान गळतं.

तज्ज्ञांच्या चाळणीतून सुटलेले दोष बांधावर सापडतात. आमच्या पहिल्या मसुद्यातलं विधान होतं : 'विम्याचे पैसे वेळेवर आणि पुरेसे मिळतात.' वाचायला निर्दोष. यावलकडच्या एका बागायतदाराने ते ऐकून लगेच विचारलं, "भाऊ, पैसे वेयेवर भेटले, पन पुरले कुठं? आता मी काय सांगू?" एका विधानात दोन गोष्टी कोंबल्या होत्या. तो माणूस ३ वर खूण करून मोकळा झाला असता आणि त्या ३ चा अर्थ कुणालाच लागला नसता. विधानाचे दोन भाग केले आणि अडचण सुटली. प्रतिसादकाला विधान वाचून दाखवायचं, 'याचा तुम्ही काय अर्थ घेतला?' असं विचारायचं आणि तो सांगेल ते तसंच टिपून घ्यायचं; हे काम कोणतंही सॉफ्टवेअर करून देत नाही.

खान्देशात भाषेचा प्रश्न वेगळा हाताळावा लागतो. रावेर-यावलच्या घराघरांत लेवा गणबोली, धुळ्याकडे अहिराणी, सातपुड्याच्या पायथ्याला तडवी आणि पावरा वस्त्या. प्रमाण मराठीतलं 'भरपाईची प्रक्रिया पारदर्शक आहे' हे विधान अनेकांना भाषणातल्यासारखं वाटतं. त्याऐवजी 'पैसे किती आणि कशावरून मिळाले हे मला कळतं' असं विचारलं की उत्तर अनुभवातून येतं. बोलीत अनुवाद केलाच, तर दुसऱ्या जाणकाराकडून तो पुन्हा मराठीत आणून मूळ विधानाशी ताडून पाहावा. प्रत्येक सर्वेक्षकाने जागेवरच आपापला अनुवाद करणं सर्वांत घातक, कारण मग प्रत्येक गावात प्रश्न वेगळा होतो.

निकष वैधतेत श्रेणीचे गुण बाहेरच्या एखाद्या ठोस गोष्टीशी जुळतात का, ते पाहायचं. आमच्यासाठी तो निकष म्हणजे शेतकऱ्याने स्वतःहून विमा काढला की नाही. इथे जपून राहावं लागतं. २०२० पूर्वी पीककर्ज घेणाऱ्यांना विमा सक्तीचा होता, त्या वर्षी तो ऐच्छिक झाला. त्यामुळे सक्तीच्या काळातला विमा विश्वासाचा पुरावा म्हणून चालणार नाही. नंतरच्या हंगामांचाच निकष घ्यायचा.

संकल्पना वैधता सर्वांत खोल आहे. क्रोनबॅक आणि मील यांनी १९५५ मध्ये ती सविस्तर मांडली. आपल्या सिद्धान्तानुसार जे व्हायला हवं, ते श्रेणीत दिसतं का? नुकसान होऊन भरपाई मिळालेले आणि नुकसान होऊनही न मिळालेले, या दोन गटांच्या गुणांत स्पष्ट फरक दिसायला हवा. दिसला नाही तर श्रेणी दुसरंच काहीतरी मोजते आहे, कदाचित सरकारबद्दलचं एकूण मत. म्हणूनच सरकारवरील सर्वसाधारण विश्वासाचे दोन-तीन प्रश्न सोबत विचारावेत. त्यांच्याशी आमच्या श्रेणीचा सहसंबंध थोडाफार असावा, पण फार जास्त नसावा. तीन बाजू खरोखर तीन आहेत का, हे घटक विश्लेषणाने तपासतात. त्यासाठी एका विधानामागे किमान पाच ते दहा प्रतिसादक धरण्याचा प्रघात आहे, म्हणजे बारा विधानांना ६० ते १२०. विदा घटक विश्लेषणाला योग्य आहे का हे सांगणारा केएमओ निर्देशांक ०.६० च्या वर असावा, आणि विधानाचं आपल्या घटकाशी नातं किती घट्ट आहे हे दाखवणारा घटकभार साधारण ०.४० च्या वर.

विश्वसनीयता

चाचणी-पुनर्चाचणीत त्याच माणसांना काही काळाने तीच श्रेणी देऊन दोन्ही वेळच्या गुणांचा सहसंबंध काढतात. मध्ये दोन ते चार आठवड्यांचं अंतर असावं; फार लवकर विचारलं तर माणूस आधीचं उत्तर आठवून सांगतो. आमच्या विषयात ऋतूही पाहावा लागतो. मे-जूनच्या वादळात बाग आडवी झाली तर विम्याबद्दलचं मत खरोखरच बदलतं. तेव्हा सहसंबंध घसरला, तर तो श्रेणीचा दोष नव्हे. ही चाचणी शांत हंगामातच घ्यावी.

अर्धविच्छेद पद्धतीत सम आणि विषम क्रमांकांच्या विधानांचे गुण वेगळे करून त्यांचा सहसंबंध काढतात आणि स्पिअरमन-ब्राऊन सूत्राने तो पूर्ण श्रेणीसाठी सुधारतात. तो ०.६० आला तर (२ × ०.६०) ÷ (१ + ०.६०) = ०.७५.

सर्वाधिक वापरात आहे तो १९५१ चा क्रोनबॅक अल्फा. विधानं एकमेकांशी किती सुसंगत आहेत, हे तो सांगतो.

```
α = k/(k−1) × (1 − Σs²i / s²t)
```

k म्हणजे विधानांची संख्या, Σs²i म्हणजे प्रत्येक विधानाच्या प्रचरणांची बेरीज आणि s²t म्हणजे एकूण गुणांचं प्रचरण. प्रचरण म्हणजे गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत याचं माप : सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची बेरीज भागिले प्रतिसादकांपेक्षा एक कमी संख्या. सरावासाठी मानलेले आकडे घेऊन एकदा हाताने सोडवू. पाच शेतकरी, चार विधानं. चौथं विधान उलटं आहे : 'हप्ता भरणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.'

```
शेतकरी  वि१  वि२  वि३  वि४
क        ५    ४    ५    २
ख        ४    ४    ४    ३
ग        २    ३    २    ४
घ        ३    ३    ४    ३
च        १    २    १    ४
```

उलट्या विधानाचे गुण ६ मधून वजा करायचे असतात. तसं केलं की चौथा स्तंभ ४, ३, २, ३, २ असा होतो. विधानांची प्रचरणं २.५, ०.७, २.७ आणि ०.७, बेरीज ६.६. एकूण गुण १८, १५, ९, १३, ६; त्यांचं प्रचरण २२.७. मग अल्फा = (४ ÷ ३) × (१ − ६.६ ÷ २२.७) = ०.९५. आता चौथा स्तंभ न उलटवता तेच गणित करा. एकूण गुण १६, १५, ११, १३, ८ होतात, प्रचरण १०.३ वर येतं आणि अल्फा फक्त ०.४८. शेतकरी तेच, उत्तरं तीच. अल्फा अनपेक्षितपणे कमी आला की आधी उलटी विधानं तपासावीत, मगच श्रेणीला नावं ठेवावीत.

मोठ्या विदेसाठी R मध्ये :

```
library(psych)
d$v4 <- 6 - d$v4
alpha(d)
```

SPSS मध्ये हेच Analyze > Scale > Reliability Analysis इथे मिळतं. ०.७० च्या वरचा अल्फा सहसा स्वीकारतात. पण ०.९५ आला म्हणून हुरळून जाऊ नये. एकच गोष्ट शब्द फिरवून पुन्हा पुन्हा विचारली तरी अल्फा चढतो. विधानांची संख्या वाढवली तरी चढतो. ज्या विधानाचा उरलेल्या एकूण गुणांशी सहसंबंध ०.३० पेक्षा कमी आहे ते आधी वाचून पाहावं, आणि आशयाला गरजेचं असेल तर काढण्याऐवजी नव्याने लिहावं. श्रेणीला तीन बाजू असल्यामुळे अल्फा तिन्हींचा स्वतंत्र काढावा लागेल.

अहवालात आकड्यांसोबत चाचणी कुठे, कोणावर आणि कोणत्या महिन्यात घेतली हेही लिहायचं. रावेर-यावलच्या बागायतदारांवर तपासलेली ही श्रेणी शहाद्याच्या पपई उत्पादकांसाठी जशीच्या तशी वापरता येणार नाही. त्यांचं पीक वेगळं, नुकसानीची कारणं वेगळी आणि बोलीही वेगळी. तिथे तज्ज्ञांच्या मतांपासून अल्फापर्यंत सगळ्या पायऱ्या पुन्हा कराव्या लागतील.