ऋचास पत्र: मुनयो, राज्ञः आणि अशृण्वन् डिक्शनरीत कुठे असतात

प्रिय ऋचा,

तुझा मेसेज वाचला आणि एकटीच हसत बसले. "आत्या, ही डिक्शनरी फॉल्टी आहे, आठ शब्द शोधले त्यातले पाच नाहीतच!" अगं डिक्शनरी बरोबर आहे, तू चुकीच्या दारावर टकटक करतेयस. मेसेजमध्ये हे सगळं मावणार नाही म्हणून पत्रच लिहिते, आणि एकदा बोलायला लागले की मी थांबत नाही हे तुला माहितीच आहे, तेव्हा निवांत वाच.

आधी मराठीतलंच बघ. कोणी परक्याने तुला विचारलं की "गेलो" हा शब्द कोशात कुठे आहे, तर तू म्हणशील "जाणे" बघ. गेलो मध्ये ज कुठे आहे? नाहीये. "देवळात" शोधायला गेलं तर "देऊळ" बघावं लागतं. आपल्याला ते पोटातून येतं म्हणून कळतही नाही की आपण काहीतरी करतोय. संस्कृतात तेच आहे फक्त जास्त प्रमाणात, आणि तिथे पोटातून येत नाही म्हणून पेन्सिल हातात घ्यावी लागते. पान उघडायच्या आधी कागदावर अंदाज लिहायचा, हा शब्द कशापासून आला असेल, दोन-तीन अंदाज लिही, मग एकेक तपासून बघ. तू उलट करतेस, शब्द दिसला की थेट पानं उलटायला घेतेस.

तू पाठवलेलं वाक्यच घेऊ. "ततस्ते मुनयो नदीं गत्वा राज्ञः कथामशृण्वन्।"

पहिलं काम संधी सोडवायचं. "ततस्ते" त वर शोधलास, मिळणार कसा, ते दोन शब्द आहेत, ततः आणि ते. विसर्गापुढे त आला की विसर्गाचा स् होतो, च आला की श् होतो, म्हणून कुठे मधेच स्त किंवा श्च दिसला की पहिला संशय हाच घ्यायचा, इथे विसर्ग होता का? "मुनयो" मधला शेवटचा ओ पण खोटा आहे, पुढे नदीं चा न आहे ना, मृदू व्यंजन, म्हणून मुनयः चा मुनयो झाला. शब्दाच्या शेवटी ओ दिसला की दहापैकी नऊ वेळा तिथे अः असतो. ओ नंतर ऽ असं चिन्ह असेल तर एक अ गिळलाय समज. "कथामशृण्वन्" म्हणजे कथाम् आणि अशृण्वन्, म् ला पुढचा स्वर चिकटला एवढंच. आणि एक फसवा च्छ असतो तो लक्षात ठेव, "तच्छ्रुत्वा" म्हणजे तत् श्रुत्वा, हा मला कॉलेजात फार छळायचा.

आता सुट्टे झाले: ततः, ते, मुनयः, नदीम्, गत्वा, राज्ञः, कथाम्, अशृण्वन्. यातला ततः अव्यय आहे, तो जसा आहे तसाच कोशात मिळतो. नदीम्, कथाम् चा म् काढला की नदी, कथा, संपलं. मुनयः ला जरा थांब. अयः असा शेवट आला की मूळ शब्द इकारान्त, मुनि, आणि अवः आला की उकारान्त, गुरवः चा गुरु. स्य, एन, आत्, एषु, ऐः हे शेवट बहुधा अकारान्ताचे, ते तू शाळेत देव चालवून पाठ केले होतेस, आता कामाला येतील. फक्त औ वर विश्वास ठेवू नकोस, गजौ म्हणजे दोन हत्ती पण मुनौ म्हणजे मुनीच्या ठिकाणी, एकाचं मूळ अकारान्त आणि दुसऱ्याचं इकारान्त. म्हणूनच म्हणते दोन अंदाज लिही. "ते" मराठीसारखाच दिसतो म्हणून तू सोडून दिलास, पण तो "तद्" खाली बघायचा, आणि दुसरीकडे हाच ते "तुझा, तुला" अशा अर्थाने युष्मद् चा पण असतो. सर्वनामांना नियम लावत बसू नकोस, तद्, एतद्, इदम्, अदस्, किम्, यद् एवढी चालवून टाक एकदा, नाहीतर अमी, अस्मै, एनम् असले शब्द जन्मभर चकवतील.

आता राज्ञः. इथेच तू अडकलीस आणि बरोबर आहे, इथे सगळेच अडकतात. "राज्ञ" असा शब्द शोधलास ना? ज्ञ म्हणजे ज् आणि ञ्. मूळ शब्द राजन्, त्यातला अ गळला, ज् आणि न् शेजारी आले आणि ज् च्या संगतीने न् चा ञ् झाला. म्हणजे राज्ञः हा राजन् च. व्यंजनान्त शब्द असेच वेषांतर करतात, शुनः हा श्वन् (कुत्रा) चा, विदुषा हा विद्वस् चा, मनसि हा मनस् चा, आणि ऋकारान्तही तसेच, पितरि हा पितृ चा. यातले चाळीसेक शब्द फार वेळा येतात, भेटतील तसे वहीत मागच्या पानावर लिहीत जा, दोन-तीन महिन्यांत वही उघडावी लागणार नाही.

आता क्रियापद, माझा आवडता भाग. अशृण्वन्. सुरुवातीचा अ बघ, तो भूतकाळाचा, काढून टाक. शेवटचा अन् म्हणजे "ते सगळे", तो पण काढ. उरलं शृण्व्, म्हणजे शृणु. हा णु पाचव्या गणाचा, धातू आणि प्रत्यय यांच्यामध्ये बसलेला. तो काढला की शृ उरतो, आणि धातू आहे श्रु. शेवटची उडी नियमाने जमत नाही, पाठच असावी लागते. तशीच गच्छ चा गम्, तिष्ठ चा स्था, पश्य चा दृश्, पिब चा पा, जिघ्र चा घ्रा, सीद चा सद्, इच्छ चा इष्. आणि धातूच स्वराने सुरू होत असेल तर तो भूतकाळाचा अ स्वरात मिसळतो, ऐच्छत् ऐ वर शोधत बसशील, तो इष् आहे.

उपसर्ग असेल तर अजून एक गंमत, भूतकाळाचा अ उपसर्गाच्या आधी येत नाही, नंतर येतो. अन्वगच्छत् म्हणजे अनु + अ + गच्छत्. आता हा कुठे शोधायचा ते तुझ्या हातात कोणता कोश आहे त्यावर. तुझ्याकडे वामन शिवराम आपट्यांचा आहे, १८९० चा मूळ, काही कोशांत उपसर्ग लागलेलं क्रियापद मूळ धातूखाली असतं, तेव्हा अनुगम् सरळ मिळाला नाही तर गम् काढ आणि त्याच्या नोंदीत पुढे अनु शोध. मोनियर विल्यम्सच्या १८९९ च्या कोशात मात्र अनुगम् हा अ वरच मिळेल. हे कोणी मला वेळेवर सांगितलं असतं तर कितीतरी संध्याकाळी वाचल्या असत्या. दुसरा फरक, आपटे नामं प्रथमेत देतात, गजः, फलम् अशी, आणि मोनियर विल्यम्स नुसतं गज, फल, तेव्हा विसर्ग दिसला म्हणून दचकू नकोस. समास पहिल्या पदाखाली बघायचा. राजपुत्र हवा असेल तर आपट्यांत राजन् काढ, नोंदीच्या शेवटी समासांची यादी आहे त्यात पुत्र सापडेल.

गत्वा तुला आला म्हणालीस, छान. त्वा काढून गम्. उपसर्ग असला की त्वा जाऊन य येतो, आगम्य किंवा आगत्य, दोन्ही गम् चेच. गत, उक्त, दृष्ट असली रूपं बऱ्याचदा स्वतंत्रही दिलेली असतात, तेव्हा ती आधी सरळ शोधायला हरकत नाही.

आता तो तुझा दुसरा प्रश्न, "जग्मुः". हा परोक्ष भूतकाळ, यात धातूचं पहिलं अक्षर दुप्पट होतं पण दुप्पट होताना बदलतं, ग चा ज, क चा च, भ चा ब, ह चा पण ज. म्हणून जग्मुः गम्, चकार कृ, बभूव भू, जहार हृ. नियम उलटा वाचायचा, पहिला ज दिसला की पुढे ग किंवा ह आहे का बघ. माझी फजिती सांगते. मी एक अख्खी संध्याकाळ ऊचुः ऊ वर शोधली होती, नाही मिळाला, मग उ वर शोधली, मग वैतागून कोशच बंद केला. दुसऱ्या दिवशी सरांनी मान वर न करता सांगितलं, "वच् बघ". उवाच पण तोच. व चा उ होतो काही धातूंत, वच्, वद्, वस्, वह्, स्वप् चा सुप्. तेव्हापासून उ ऊ ने सुरू होणारं क्रियापद दिसलं की मी आधी व कडे जाते.

वर्णक्रमाचंही बघ, निम्मी चूक तिथे होते. आपण शाळेत क्ष, ज्ञ शेवटी म्हणतो, इथे क्ष क मध्येच आणि ज्ञ ज मध्येच. क्षण ला ह च्या पुढे शोधत होतीस ना, नाही म्हणू नकोस. अनुस्वाराचा शब्द मिळाला नाही तर पुढच्या वर्गाचं अनुनासिक घालून बघ, अंक ऐवजी अङ्क. पण अंश मधला अनुस्वार तसाच राहतो आणि तो अक च्याही आधी येतो.

आणि एक चकवा. "गच्छति" म्हणजे जातो, हे सगळ्यांना येतं. पण "राजनि गच्छति" असं आलं तर तो जातो नाहीये, ती गच्छत् ची सप्तमी आहे, "राजा जात असताना". रूप तेच, अर्थ वेगळा, आणि हे कुठल्याच कोशात लिहिलेलं नसतं, शेजारच्या शब्दावरून कळतं. म्हणून वाक्य सोडून एकटा शब्द मला पाठवत जाऊ नकोस, मागचापुढचा पण पाठव.

नेटवर कोलोन युनिव्हर्सिटीने हे दोन्ही कोश टाकलेत, फुकट आहेत, शोधायला सोपे. पण तिथेही मूळ शब्दच टाइप करावा लागतो, मुनयो टाकलंस तर तुझी तक्रार परत सुरू. रूप आपोआप तोडून देणाऱ्या साइट्सही आहेत, आधी स्वतःचा अंदाज लिहून मगच त्यांना विचार, नाहीतर सहा महिन्यांनीही तू इथेच असशील.

आता होमवर्क, टीचर रिटायर झाली तरी सवय जात नाही. ददृशुः, विद्वद्भिः आणि "आसनादुदतिष्ठत्". शेवटच्यात तीन गाठी आहेत. कोश न उघडता आधी कागदावर काय अंदाज लिहिलास त्याचा फोटो पाठव, खोडलेलं पण तसंच राहू दे, मला तेच बघायचंय.

तुझी,
आत्या

ता.क. पेन नको, पेन्सिलच घे.