डायलिसिसवर असताना घरचं जेवण: पोटॅशियम आणि फॉस्फरस आटोक्यात ठेवण्यासाठी

निफाडहून सोमवार-बुधवार-शुक्रवारच्या बॅचला येणाऱ्या काकांसाठी, आणि त्यांचा स्वयंपाक करणाऱ्या काकू व सूनबाईंसाठी
डायलिसिस विभाग, आहारतज्ज्ञ, नाशिक

काका, या महिन्याच्या रक्त तपासणीत तुमचं पोटॅशियम ६.१ आलं आणि फॉस्फरस ६.८. डायलिसिसच्या आधी पोटॅशियम साधारण ५.५ च्या आत हवं, फॉस्फरसही ३.५ ते ५.५ च्या दरम्यान. दोन्ही वाढलेत, आणि दोन्ही जेवणातून खाली आणता येतात. त्यासाठी उपाशी राहायचं नाही. कोणती वस्तू किती घ्यायची आणि ती कशी शिजवायची, एवढंच बदलायचं आहे.

हे दोन्ही का वाढतं

चांगली किडनी जास्तीचं पोटॅशियम रोजच्या रोज लघवीवाटे टाकते. तुमची लघवी आता दिवसाला ३०० मिलीच्या आसपास आहे, म्हणून ते रक्तातच साठतं आणि त्याचा पहिला धोका हृदयाला असतो. ठोके अनियमित होतात, कधी एकदम थांबूही शकतात. पाय जड वाटणं, मुंग्या येणं, अंगातली ताकद गेल्यासारखं वाटणं, छातीत धडधडणं ही लक्षणं आहेत. पण कित्येकदा कसलंच लक्षण दिसत नाही, म्हणून "मला काही होत नाही" यावर विसंबू नका. लक्षण दिसलं तर पुढच्या डायलिसिसची वाट न पाहता थेट कॅज्युअल्टीत या आणि डायलिसिसचा पेशंट आहे हे दारातच सांगा.

फॉस्फरस हळूहळू त्रास देतं. अंगाला खाज सुटते. हाडांतलं कॅल्शियम निघून हाडं ठिसूळ होतात आणि तेच कॅल्शियम रक्तवाहिन्यांत जमा होतं. चार तासांच्या एका डायलिसिसमध्ये ८०० मिलीग्रॅमच्या आसपास फॉस्फरस निघतं, तेही आठवड्यातून तीनदाच. जेवणातून मात्र ते रोज येतं. नुसत्या मशीनवर हा हिशेब जुळत नाही, म्हणून जेवण आणि गोळी दोन्ही लागतात.

शुक्रवार ते सोमवार: सगळ्यात जपायचे दिवस

तुमच्या बॅचला शनिवार-रविवार मध्ये डायलिसिस नाही. आठवड्यातला हा सगळ्यात लांब खंड, आणि नेमकं याच दिवसांत मटण, लग्नाची पंगत, मळ्यातला हुरडा, पाहुणे. पोटॅशियमची खरी परीक्षा सोमवारी सकाळी होते. एखादा आवडीचा पदार्थ खायचाच असेल तर तो मंगळवारी किंवा गुरुवारी थोडा खा, शनिवार-रविवारी नको. आणि शुक्रवारचं डायलिसिस कोणत्याही कारणाने चुकवू नका.

भाजीतलं पोटॅशियम काढायची रीत

काकू, हा भाग तुमच्यासाठी, आणि या सगळ्या कागदात सर्वांत महत्त्वाचा. पोटॅशियम पाण्यात विरघळतं, त्यामुळे भाजीतलं बरंचसं पाण्यात उतरवून फेकून देता येतं.

१. भाजी सोला, बारीक चिरा. फोडी जितक्या लहान तितकं पोटॅशियम जास्त निघतं. चिरल्यावर पुन्हा धुवा.
२. भरपूर कोमट पाण्यात, म्हणजे भाजीच्या आठ-दहा पट पाण्यात, किमान दोन तास भिजत ठेवा. मध्ये एकदा पाणी बदला.
३. ते पाणी ओता. नवं भरपूर पाणी घेऊन उघड्या पातेल्यात भाजी उकळा आणि चाळणीत निथळा.
४. निथळलेलं पाणी आमटीत, रश्शात किंवा कणीक मळायला वापरायचं नाही. चांगलं पाणी वाया चाललंय असं वाटेल, पण जे काढायचं होतं ते त्यातच आहे.
५. मग नेहमीसारखी फोडणी द्या. हिंग, मोहरी, जिरं, लसूण, मिरची चालेल.

भिजवायला वेळ नसेल तर दुसरी पायरी सोडा, पण उकळून पाणी टाकायची सोडू नका. खरं काम उकळण्यानेच होतं. कुकरमध्ये थोड्या पाण्यात किंवा वाफेवर शिजवलं तर पोटॅशियम भाजीतच राहतं. डाळीचंही तसंच: दोन-तीन तास भिजवा, पाणी टाका, नव्या पाण्यात शिजवा. काकांच्या ताटात घट्ट डाळ वाढा, वरचं पाणी नको. मटणाचा रस्साही नको, त्यातल्या फोडी खा. उकळून टाकल्याने काही जीवनसत्त्वंही जातात. त्यासाठी डायलिसिसनंतरची गोळी डॉक्टरांनी दिलेली आहे, ती आठवणीने घ्या.

भाज्या

रोज चालतील: दुधी, दोडका, घोसाळी, पडवळ, तोंडली, कोबी, काकडी, ढोबळी मिरची, कांदा. वांगी, भेंडी, गवार, फ्लॉवर वरच्या रीतीने शिजवून, एक वाटी.

टाळा: पालक, अळू, चाकवत, शेवग्याचा पाला, सुरण, रताळं. बटाटा खायचाच असेल तर लहान, दोनदा उकळून, आठवड्यातून एखादवेळी. टोमॅटो तुमच्याकडे क्रेटने असतो, पण त्याची चटणी, सार, सूप बंद. भाजीला चवीपुरत्या एक-दोन फोडी चालतील. आंबटपणासाठी लिंबू पिळा. अर्ध्या लिंबात पोटॅशियम अगदी थोडं असतं. चिंचेचा कोळ मात्र नको. मेथी, कोथिंबीर वरून भुरभुरण्याइतकीच.

फळं: द्राक्षं चालतात, बेदाणे नाहीत

हे आधी सांगते, कारण द्राक्षबागेतल्या माणसाला द्राक्षं बंद केली तर तो ऐकणार नाही, आणि बंद करायची गरजही नाही. दहा-बारा मणी, दिवसातून एकदा, फळ म्हणून तेवढंच. पण बेदाण्यात त्याच वजनाला सुमारे चौपट पोटॅशियम असतं. मूठभर बेदाणे हातात सहज येतात, म्हणून घरात ते काकांच्या हाताशी ठेवू नका.

दिवसाला एकच फळ: अर्धं-एक सफरचंद, नाशपाती, अननसाच्या दोन चकत्या, पपईच्या तीन-चार फोडी किंवा मूठभर जांभळं.

नको: केळं, मोसंबी-संत्री, आंबा, चिकू, खजूर, जर्दाळू, कोणताही फळांचा रस. सटाण्याचं डाळिंब पाहुणे घेऊन आले तर चार दाणे तोंडात टाका, वाटी भरून नको. शहाळं पूर्ण बंद. एका शहाळ्याच्या पाण्यात ६०० मिलीग्रॅमच्या आसपास पोटॅशियम असतं आणि तुमचा दिवसभराचा हिशेब २००० च्या आसपास बसवायचा आहे. आजाऱ्याला भेटायला येणारा शहाळं घेऊनच येतो, त्यांना आधीच सांगून ठेवा. कमरख हे फळ तर एक फोडही खायचं नाही. किडनीच्या रुग्णात त्याचं विष मेंदूवर परिणाम करतं.

उसाचा रस, काकवी, गूळ, गव्हांकुराचा रस, "किडनी साफ करणारे" काढे, सगळं बंद. चहात गुळाऐवजी थोडी साखर घाला. दुकानात "कमी सोडियमचं मीठ" मिळतं ते आणू नका. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं. साधंच मीठ, पण कमी.

फॉस्फरस कुठे असतं

दूध, दही, पनीर, खवा, पेढे, चीज, शेंगदाणे, तीळ, सुकट-बोंबील, कलेजी. चहाचं आणि दह्याचं मिळून दिवसाला १५० मिली दूध. शेंगदाण्याचं कूट माणशी एक लहान चमचा, तेही रोज नाही. ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि काळ्या मसाल्यातलं खोबरं याचा अंदाज काकूंनी ठेवावा.

डाळी-धान्यातलं फॉस्फरस शरीर अर्धवटच शोषतं. कारखान्यात मिसळलेलं मात्र जवळपास सगळं रक्तात जातं. म्हणून काळी कोल्ड्रिंक्स, इन्स्टंट नूडल्स, प्रोसेस्ड चीज, मैद्याचे केक आणि पाकिटातलं तयार चिकन घरात नकोच. पाकिटामागे आयएनएस ३३८, ३३९, ३४०, ३४१, ४५०, ४५१, ४५२ यांतला आकडा असेल तर ते फॉस्फेट समजा. नातवंडांना शोधायला सांगा, त्यांचे डोळे तीक्ष्ण.

फॉस्फरसची गोळी जेवणाच्या मध्येच घ्यायची. रिकाम्या पोटी किंवा जेवणानंतर तासाभराने घेतली तर ती अन्नातलं फॉस्फरस पकडूच शकत नाही. जेवण मोठं असेल त्या वेळी तर ती मुळीच विसरू नका. लोहाची गोळी तिच्यासोबत घेऊ नका.

प्रोटीन कमी करू नका

डायलिसिस सुरू होण्याआधी डाळ, अंडी कमी करायला सांगितलं होतं. आता उलटं आहे. डायलिसिसमध्ये प्रोटीन वाहून जातं. तुमचं वजन ५६ किलो, म्हणजे रोज ६० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन हवं. अंड्याचा पांढरा भाग सगळ्यांत चांगला: प्रोटीन भरपूर, फॉस्फरस नगण्य. रोज दोन-तीन पांढरे, पिवळा आठवड्यातून एक-दोन. चिकन किंवा ताजे मासे दोन-तीन तुकडे, उकळून रस्सा टाकून. घरात नवरात्राचं किंवा श्रावणाचं शाकाहारी पाळत असतील तर त्या दिवसांत ४० ग्रॅम घरचं पनीर आणि एक वाटी घट्ट मूगडाळ.

एक दिवस असा

सकाळी: रव्याचा उपमा, दोन अंड्यांचा पांढरा भाग, अर्धा कप चहा.
दुपारी: तीन पोळ्या, दोडक्याची भाजी, एक वाटी घट्ट डाळ, थोडा भात, दोन चमचे दही.
संध्याकाळी: कुरमुरे कांदा घालून, शेंगदाण्याविना, एका अंड्याचा पांढरा भाग.
रात्री: दोन पोळ्या किंवा ज्वारीची एक लहान भाकरी, दोन तुकडे चिकन, कोबी.

पाणी चहासह ८०० मिली. आमटी, ताक, बर्फही त्यातच मोजा.

मिसळ आणि उपवास

मिसळीत मटकी, बटाटा, फरसाण, तर्री, वरून दही, म्हणजे पोटॅशियम, फॉस्फरस, मीठ आणि पाणी एकाच ताटात. त्यामुळे बाहेरची मिसळ नको. चव राखायची तर मंगळवारी घरी मटकी भिजवून, उकळून, पाणी टाकून अर्धी वाटी उसळ, थोडं वाटण, आणि फरसाणाऐवजी कुरमुरे.

श्रावणी सोमवारी उपवासाचं ताट म्हणजे रताळं, बटाटा, शेंगदाणे, राजगिरा, केळं, खजूर. हे सगळं दोन दिवसांच्या खंडानंतर, डायलिसिसच्या सकाळीच. काका, हा उपवास सोडा. महादेवाला हात जोडा आणि उपमा खा. मन मानतच नसेल तर साबुदाणा जिऱ्या-मिरचीच्या फोडणीत, बटाटा-कुटाविना, काकडीसोबत, आणि आम्हाला आधी सांगा.

पोट साफ होत नसेल तरी पोटॅशियम वाढतं, तेही मोकळेपणाने सांगा. येत्या सोमवारी येताना सूनबाईंनी घरातल्या बिस्किटांची, मसाल्यांची आणि मिठाची पाकिटं पिशवीत घालून आणावीत, मशीन सुरू असताना आपण एकेक पाहू.