निकाल: जंगलाची कड आणि जमिनीवरचे भुंगेरे

पहिला प्रश्न होता की कडेपासून आत गेलं की प्रजाती वाढतात का, तर हो, वाढतात, पण सरळ रेषेत नाही, सुरुवातीला झपाट्याने आणि मग आलेख सपाट होतो (आकृती १, प्लॉटनुसार आकडे तक्ता १ मध्ये).

दुसरा प्रश्न, हे कशामुळे? पालापाचोळ्याची जाडी मॉडेलमध्ये घातली की अंतराचा परिणाम जवळजवळ उरतच नाही (तक्ता २), सावलीने फारसा फरक पडला नाही. कडेचा एकच प्लॉट वेगळा निघाला, तिथे कुजक्या ओंडक्याजवळच्या सापळ्यात एरवी फक्त आत सापडणाऱ्या प्रजाती आल्या. तो वगळून पाहिलं तरी कल तोच राहिला.

तिसरा, ऋतूचा: पावसाळ्यात भुंगेरे जास्त, पण कडेपासून आतपर्यंतचा पॅटर्न दोन्ही ऋतूंत सारखाच.