दाखल रुग्णाचे इतिवृत्त : सहा दिवसांचा ताप, दोन दिवसांची कावीळ

दि. 12 जुलै 2025, सकाळी 11.40, पुरुष मेडिसिन वॉर्ड. नोंद घेणारा : अंतिम वर्ष एमबीबीएस विद्यार्थी. माहिती रुग्ण व त्यांच्या पत्नीने दिली असून ती विश्वासार्ह वाटते.

रुग्ण कुडाळ तालुक्यातील 42 वर्षांचे भातशेती करणारे गृहस्थ आहेत. ताप, पोटऱ्यांचे तीव्र दुखणे, डोळे पिवळे होणे आणि लघवी कमी होणे या तक्रारींसाठी ते आज सकाळी 10.30 वाजता दाखल झाले.

ताप चार दिवसांचा असल्याचे रुग्णांनी प्रथम सांगितले; परंतु आषाढी एकादशीचा उपवास सोडण्याआधीच, म्हणजे 6 जुलैच्या संध्याकाळी, हुडहुडी भरून त्यांना दोन गोधड्या घ्याव्या लागल्या, असे पत्नीने सांगितल्यावर त्यांनाही ते आठवले, म्हणून सुरुवात 6 जुलै धरली आहे. 7 जुलैला पोटऱ्या इतक्या दुखू लागल्या की भिंतीचा आधार घेतल्याशिवाय त्यांना उभे राहता येईना. 8 जुलैला दोन्ही डोळे लाल झाले, मात्र चिपडे किंवा पू नव्हता. 9 जुलैला गावातील डॉक्टरांनी पॅरासिटामॉल व डायक्लोफिनॅकच्या गोळ्या दिल्या (चिठ्ठी पाहिली). ताप अर्धा दिवस उतरून पुन्हा चढला. 10 जुलैला तीन उलट्या झाल्या. 11 जुलैला सकाळी डोळे पिवळे दिसले, आणि त्या दुपारपासून आतापर्यंत फक्त दोनदा, थोडी व कोऱ्या चहासारखी गडद लघवी झाली आहे.

धाप, खोकल्यातून रक्त, अंगावर पुरळ, लघवीची जळजळ, झटके किंवा बरळणे नाही.

27 जून ते 4 जुलै रुग्ण रोज अनवाणी, गुडघाभर चिखलात लावणी करत होते. टाचांना खोल भेगा आहेत आणि घरात उंदीर असल्याचे पत्नी सांगते. आरोग्यसेविकेने दिलेल्या डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मळमळीच्या भीतीने घेतल्या नाहीत. न फोडलेली पट्टी पत्नीने पिशवीतून काढून दाखवली. मधुमेह, रक्तदाब, पूर्वीची कावीळ, मद्यपान किंवा औषधांची ॲलर्जी नाही.

तपासणीत ताप 101 अंश फॅरनहाइट, नाडी 108, रक्तदाब 100/70, श्वसन 22 आहे. डोळे पिवळे व लालसर आहेत आणि पोटऱ्या हलक्या स्पर्शानेही दुखतात. कपड्यांआडच्या जागांसह काळी खपली शोधली, आढळली नाही.

मूत्रपिंड व यकृत बाधित झालेला लेप्टोस्पायरोसिस हे माझे प्राथमिक निदान आहे; मलेरिया, डेंग्यू व स्क्रब टायफस यांचा विचार आवश्यक आहे. निवासी डॉक्टरांना तत्काळ कळवले असून त्यांच्या सूचनेनुसार डायक्लोफिनॅक बंद केले आहे, लघवीचे दर तासाचे माप सुरू आहे, आणि क्रिएटिनिन, बिलिरुबिन, प्लेटलेट, मलेरिया व लेप्टोस्पायरा आयजीएमसाठी रक्त घेतले आहे. ताप चार दिवसांचा नसून आज त्याचा सातवा दिवस आहे, ही बाब आयजीएमचा अहवाल वाचताना ध्यानात घ्यावी; तो निगेटिव्ह आला तरी निदान सोडू नये, दुसरा नमुना पाठवावा, आणि प्रतिजैविक अहवालासाठी थांबवू नये, अशी विनंती आहे.