आवाज येतोय का?

रात्री पावणेअकराला ओजसच्या खोलीतला आवाज एकदम तुटला. स्ट्रीम संपवताना तो नेहमी सगळ्यांचा निरोप घेतो, त्यात पाच-दहा मिनिटं जातात. त्या रात्री निरोप नव्हता, की-बोर्डही नव्हता. मी दारापर्यंत पोहोचायच्या आत तोच बाहेर आला. हेडफोन गळ्यात, वायर जमिनीवर लोळत होती.

"आई, स्ट्राइक आली. लाइव्ह बंद केलंय."

सोळा वर्षांचा मुलगा, पण ओठ आवळून उभा होता तो पहिलीत असताना उभा राहायचा तसा. सव्वा वर्ष त्याने हे लाइव्ह गेम खेळून दाखवायचं चॅनल वाढवलं होतं. ८१२ सबस्क्रायबर. बाहेरच्या माणसाला हा आकडा लहान वाटेल. मला तो कधीच लहान वाटला नाही, कारण त्यातल्या निम्म्या लोकांची टोपणनावं त्याला तोंडपाठ आहेत.

स्क्रीनवर मेल उघडी होती. आदल्या शनिवारच्या स्ट्रीममध्ये १:१२:४० ते १:१३:२५ या वेळेत दुसऱ्याच्या मालकीचं संगीत वाजलं, म्हणून हक्कधारकाच्या मागणीवरून व्हिडिओ काढला आहे. ही पहिली कॉपीराइट स्ट्राइक. ९० दिवसांत अशा तीन झाल्या, तर चॅनल कायमचं बंद.

शेजारच्या खिडकीत त्याने उत्तर लिहायला घेतलं होतं. सगळं कॅपिटल अक्षरांत. 'तुम्ही चोर आहात' इथपासून सुरुवात होती आणि पुढे उद्गारचिन्हांची रांग.

"पाठवलंस?"

"अजून नाही."

"मग राहू दे. उद्या दोघं बसू."

"उद्या? आई, तोवर सगळे निघून जातील!"

मी चौदा वर्षं विमा दाव्यांच्या टेबलावर बसते. लोकांचे अर्ज वाचणं हेच माझं काम. चिडून लिहिलेले अर्ज खोटे नसतात, बरेचदा तेच सगळ्यात खरे असतात. पण तीन पानं वाचून झाल्यावरही कळत नाही की नेमकी कोणती तारीख बघायची, कोणता कागद उघडायचा. समोर ढीग पडलेला असतो. मग तो अर्ज बाजूला पडतो, आणि तो लिहिणारा माणूसही. हे मी त्याला सांगितलं. तो काही बोलला नाही, पण खिडकी बंद केली. मजकूर न जपता.

दुसऱ्या दिवशी मी ती मेल शब्द-शब्द वाचली. ओजस धरून चालला होता की ही यंत्राची चूक आहे. यंत्र आपोआप सूर ओळखतं आणि व्हिडिओवर दावा लावतं, तसं होतं खरं. पण तो नुसता दावा असतो, त्याने स्ट्राइक लागत नाही. इथे कोणीतरी फॉर्म भरून, स्वतःला मालक म्हणवून, व्हिडिओ काढायला लावला होता. म्हणजे पलीकडे माणूस होता, आणि त्याने लिहिलेलं वाक्य तपासता येणार होतं.

"ती धून कुठली?"

"ब्रेकची. मी पाणी प्यायला उठतो ना, तेव्हा पडद्यावर 'आलोच' दिसतं, त्याच्यामागे वाजते ती. आई, ती फुकट आहे. म्हणजे चोरलेली नाही. ज्याने बनवलीय त्यानेच क्रिएटिव्ह कॉमन्सखाली ठेवलीय. नाव द्यायचं, बास. मी प्रत्येक व्हिडिओखाली त्याचं नाव देतो."

खरंच देत होता. गेमची माहिती, चॅटचे नियम आणि त्याखाली त्या संगीतकाराचं नाव, धुनेचं नाव, परवान्याची लिंक. तेरा-चौदा वर्षांची पोरं कुठूनही काहीही उचलतात असं मी बऱ्याचदा ऐकलंय. माझं पोरगं पंचेचाळीस सेकंदांच्या धुनेसाठी नाव लिहीत होतं, आणि मला ते ठाऊकच नव्हतं.

अपिलाचा फॉर्म उघडला तेव्हा दोघंही थोडे गप्प झालो. हा नुसता 'माझ्यावर अन्याय झाला' सांगायचा रकाना नव्हता. अमेरिकेच्या १९९८ च्या डिजिटल मिलेनियम कॉपीराइट कायद्याखालची प्रतिसूचना होती ती. त्यात खरं नाव, पत्ता, फोन द्यावा लागतो, आणि ते सगळं समोरच्या पार्टीकडे जातं. व्हिडिओ चुकून काढला गेलाय असं मी प्रामाणिकपणे मानते, असं लिहून सही करायची. लिहिलेलं खोटं निघालं तर कायद्याने जबाबदार. प्रतिसूचना पोहोचली की समोरच्याला १० कामाचे दिवस. तेवढ्यात त्याने कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही, तर व्हिडिओ परत.

"तुझं नाव नको टाकूस," ओजस म्हणाला. "ते कोण आहेत माहीत नाही. आपला पत्ता त्यांच्याकडे जाईल."

"तुझं टाकता येणार नाही. तू अजून अज्ञान आहेस."

"मग राहू दे. ९० दिवसांनी स्ट्राइक आपोआप जाते."

भीती मलाही वाटली, ती लपवण्यात अर्थ नाही. त्या रात्री मी बराच वेळ जागी होते. पण ९० दिवस त्याच्या नावापुढे चोरीचा शिक्का राहणार, आणि तो त्याने मुकाट्याने सोसायचा, हे मला पटेना. मी एकच अट घातली. न बघता मी कशावरही सही करत नाही. ती स्ट्रीम मला पूर्ण बघायची.

"पूर्ण? आई, ती ३ तास २० मिनिटांची आहे."

मूळ फाइल त्याच्या हार्ड डिस्कवर होती. मी ती दोन रात्रींत बघितली, कानाला हेडफोन लावून. गेममधलं मला अर्धंही समजलं नाही. पण सुरुवातीलाच तो म्हणाला, "आवाज येतोय का सगळ्यांना?" आणि चॅटमध्ये 'येतोय', 'येतोय भावा', 'क्लिअर' अशा ओळी वर सरकू लागल्या. त्याने प्रत्येकाला नावाने हाक मारली. तासाभराने कोणीतरी लिहिलं, की मला टीममधून काढलं, मी खेळणं सोडतोय. ओजसने चालू सामना बाजूला ठेवला. "किती दिवस झाले खेळून? तीन महिने? मी पहिले तीन महिने दार कुठंय तेच शोधत होतो. उद्या माझ्या टीममध्ये ये." तो सामना तो हरला. त्याबद्दल एक शब्द बोलला नाही.

१:१२:४० ला धून सुरू झाली. पंचेचाळीस सेकंद. मी ती चार वेळा ऐकली.

पुढे दोन तासांच्या आसपास एक ओळखीचा आवाज आला. माझाच. "ओजस, जेवायला चल, किती वेळा सांगायचं!" तो म्हणाला, "एक मिनिट हं, आईची हाक." चॅटमध्ये तीन-चार जणांनी लिहिलं, 'काकूंना नमस्कार सांग.' तो निरोप माझ्यापर्यंत कधी आला नव्हता.

मग पुरावे. दावा करणाऱ्यांचं गाणं शोधून ओजसने दोन्ही शेजारी वाजवली. खाली तीच धून, अगदी तीच, तिच्यावर ढोलासारखा ठेका आणि कोणाचा तरी आवाज. म्हणजे त्यांनीही ती त्याच मोकळ्या ठिकाणाहून घेतली होती, आणि मग सगळीच आपली म्हणून सांगत होते. त्यांचं गाणं सात महिन्यांपूर्वीचं. ओजसच्या फाइलवर डाउनलोडची तारीख चौदा महिन्यांपूर्वीची. परवान्याच्या पानाची जुनी प्रत इंटरनेट अर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये सापडली, दोन वर्षांपूर्वीची. त्या संगीतकाराला ओजसने मेल केली, आणि त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं: मी ही धून कोणाला विकलेली नाही, तू नियमाप्रमाणेच वापरली आहेस.

"आता खरं सांग," मी म्हटलं. "चॅनलवर दुसरं काही आहे का, ज्याचं उत्तर आपल्याकडे नाही?"

तो खुर्चीची कड नखाने खरवडत बसला. "एक आहे. जुना व्हिडिओ. जिंकल्यावर वीसेक सेकंद सिनेमाचं गाणं लावलं होतं."

"परवानगी?"

"नाही."

"तो आज काढून टाक. त्यात आपली चूक आहे."

त्याने माझ्यासमोर काढला. त्याचा सगळ्यात जास्त बघितला गेलेला व्हिडिओ होता तो, हे मला नंतर कळलं.

मजकूर इंग्रजीत भरायचा होता, पण आम्ही आधी मराठीत लिहून काढला. पहिला मसुदा दीड पानांचा. मी पेनाने छाटत गेले, तो कुरकुरत राहिला. त्याला 'किती मेहनत घेतली' हे ठेवायचं होतं. मी म्हटलं, वाचणाऱ्याकडे दोन मिनिटं आहेत, मेहनत तुझी मला माहीत आहे. शेवटी एवढं उरलं:

"१:१२:४० ते १:१३:२५ या वेळेत वाजलेली धून तिच्या मूळ संगीतकाराने क्रिएटिव्ह कॉमन्स ॲट्रिब्यूशन परवान्याखाली सर्वांसाठी खुली केली आहे. व्हिडिओच्या वर्णनात संगीतकाराचं नाव आणि परवान्याची लिंक पहिल्या दिवसापासून आहे. दावेदाराचं गाणं सात महिन्यांपूर्वी प्रसिद्ध झालं. त्यात हीच धून वापरली आहे. परवान्याच्या पानाची दोन वर्षांपूर्वीची प्रत खालच्या लिंकवर आहे. धून कोणालाही विकलेली नाही, असं संगीतकाराने लेखी कळवलं आहे. व्हिडिओ चुकीच्या ओळखीमुळे काढला गेला, असं मी प्रामाणिकपणे मानते. चॅनल माझ्या अज्ञान मुलाचं आहे आणि मी त्याची आई व पालक म्हणून ही प्रतिसूचना देत आहे."

सहीच्या जागी मी माझं पूर्ण नाव टाइप केलं. बटण त्याला दाबायला सांगितलं.

पुढचे दिवस लांबले. तो मित्रांबरोबर खेळायचा, पण माईक बंद. मधल्या काळात त्याने 'परवाने' नावाचा फोल्डर केला आणि वापरलेल्या एकूण एक आवाजाचा कागद त्यात तारखेनिशी ठेवला. मी सांगितलं नव्हतं.

अकराव्या कामाच्या दिवशी मेल आली. दावेदाराकडून पुरावा मिळाला नाही, व्हिडिओ पूर्ववत केला आहे, स्ट्राइक काढली आहे. दिलगिरीचा एक शब्द नाही. ज्याने खोटा फॉर्म भरला, त्याच्याबद्दल चकार शब्द नाही. पोराचे सतरा दिवस गेले, त्यांची नोंद कुठेच नव्हती. मला याचा आजही संताप येतो.

त्या संध्याकाळी तो परत लाइव्ह गेला. एरवी चाळीसेक लोक असायचे, तेव्हा अकरा होते. मी बाहेरच्या खोलीत फोन हातात घेऊन बसले होते. आदल्या दिवशीच मी खातं उघडलं होतं, त्याला फोटोही लावला नव्हता.

"आवाज येतोय का सगळ्यांना?" भिंतीपलीकडून एकदा आला, दोन सेकंदांनी फोनमधून. चॅट रिकामं होतं. त्याने घसा साफ केला.

मी टाइप केलं: येतोय. आणि त्या दिवशीचा नमस्कार पोहोचला, सगळ्यांना सांग.