मुदपाकखाना

आषाढ सरत आला तरी गाळण्याच्या डोंगरावरचे ढग हलायला तयार नव्हते, आणि पायथ्याचा वेढाही. गडावर खाणारी तोंडं 120. सबनिसाच्या हजेरीपटावर 126 होती, पण सहा जण मागच्या पंधरवड्यात गेले होते आणि त्यांची नावं अजून खोडली नव्हती. आबा आचारी पटावरून शिजवत नसे. रोज तिन्हीसांजेला तो तटावर एक फेरी मारी, डोकी मोजी आणि मगच कोठारातून धान्य काढायला सांगे.

माणशी अर्धा शेर, म्हणजे दिवसाला 60 शेर, दीड मण. अंबरखान्यात 42 मण ज्वारी होती. 28 दिवसांची बेगमी झाली, असं कारखानिसांनी कागदावर मांडून ठेवलं होतं.

आबाने पोत्यात कोपरापर्यंत हात घातला. वरची ज्वारी गार लागली, आतली कोमट.

"कारखानीस, हे पोतं तापलंय."

"पावसाळी हवा आहे, आबा."

"हवेने धान्य गार पडतं. आतून तापलं म्हणजे कुजायला लागलं."

पोती बाजूला ओढल्यावर मागच्या भिंतीतून झिरपणारं पाणी दिसलं. भिंतीला टेकलेली पाच मण ज्वारी गेली होती. दाणे एकमेकांना चिकटून त्यांचे गठ्ठे झाले होते, वर हिरवट बुरशी. कारखानीस म्हणाले, धुऊन वाळवू. आबाने एक दाणा दाताखाली फोडला आणि थुंकला. कडू लागला. ते धान्य त्याने कोणाला हात लावू दिलं नाही, तटाबाहेर दरीत ओतायला लावलं. बुरशी धुतली तरी कडूपणा आत राहतो. आधीच निम्मे लोक ढाळांनी हैराण झालेले, त्यात हे पोटात गेलं असतं तर तटावर उभं राहायला माणूस उरला नसता. उरलेली 37 मण भिंतीपासून हातभर दूर, दगडांवर फळ्या टाकून रचली. जी नुसती सर्दावली होती ती जिजीने लोखंडी कढईत थोडी थोडी भाजून घेतली. दाणा तडतडला की उतरवायचा. न भाजता दळली तर जात्याची पाळी भरून येते आणि पीठ दुसऱ्या दिवशी आंबतं.

धान्य 24 दिवसांचं उरलं. आबाला खरी काळजी सरपणाची होती.

"आबा, लाकडं ओला शेतस," गोंदा म्हणाला. धुराने त्याचे डोळे लाल झाले होते.

"चीर. आतलं कोरडं शे."

ओंडका तसाच चुलीत घातला तर अर्धं लाकूड स्वतःचं पाणी उडवण्यातच जळतं. म्हणून मनगटाएवढे तुकडे चिरायचे, चुलीच्या वरच्या माचावर रात्रभर टाकायचे, आणि आजचं लाकूड उद्या जाळायचं. एवढं करूनही 120 माणसांच्या भाकरीला दोन मण लाकूड लागे. शिल्लक होतं 20 मण. दहा दिवस.

भाकरी सरपण खाते, कारण एकेक तव्यावर एकेक भाजावी लागते. कण्यांचं तसं नाही. ज्वारी जाडसर भरडायची, एका मापाला चार मापं पाणी, आधण आलं की मीठ टाकून कण्या वैरायच्या, पहिल्या उकळीपर्यंत ढवळायचं, मग झाकण ठेवून खालचा जाळ ओढून घ्यायचा. बाकीचं शिजणं निखाऱ्यावर होतं. पण भर पावसात बुरुजावर बंदूक सांभाळत कण्यांचं पातेलं कोण धरणार? रात्रीच्या पहाऱ्याला भाकरीच हवी. आबाने माणसं वाटून घेतली. पहाऱ्यावरच्या 40 जणांना भाकरी, उरलेल्या 80 जणांना कण्या. सरपण सव्वा मणावर आलं.

भाकरीही आता साधी होत नव्हती. सर्दावलेल्या ज्वारीच्या पिठाला विरी राहत नाही, थापताना कडा फाटतात आणि तव्यावर टाकली की मधून तुटते. आबाने कळण्याचं पीठ धरलं. 16 शेर ज्वारीत 4 शेर सालासकट काळे उडीद, दळतानाच मीठ. उडीद पीठ धरून ठेवतो, आणि पोटातही जास्त वेळ टिकतो. पाणी मात्र उकळतंच घालायचं. पीठ हाताला चटका देत असतानाच मळायला घ्यावं लागतं. निवलं की पुन्हा फुटतं. जिजीच्या तळव्यांची कातडी सोलून निघाली होती, तरी ती घाई करत नव्हती. चार तव्यांवर 120 भाकरी, माणशी तीन. भाजलेल्या भाकरीवर लसूण-मिरचीचा गोळा, वर दुसरी भाकरी, आणि सगळं पळसाच्या पानात उलटसुलट बांधून वाखाने आवळायचं. तेल नव्हतंच. ठेचा कोरडा वाटला जाई.

मीठ तर हवेनेच पाझरत होतं. कारखानिसांनी ते गोणीत ठेवलं होतं, आणि खालच्या फरशीवर रोज ओल दिसे. आबाने गोणी चुलीच्या वर आढ्याला टांगली आणि तिच्याखाली मडकं ठेवलं. सकाळी मडक्यात चार बोटं खारं पाणी. ते कण्यांच्या आधणात गेलं. पहिल्या दिवशी गोंदाने ते ओतून वर नेहमीचं मूठभर मीठही घातलं आणि 80 माणसांचं जेवण खारट झालं. तेव्हापासून आधण आबा स्वतः चाखू लागला.

टाक्याचं पाणी गढूळ होतं. हंड्याच्या आतल्या बाजूला निवळीची बी घासली की गाळ तळाला बसे. मग वरचं पाणी फडक्यातून गाळून उकळायचं. आजाऱ्यांना त्यातच गूळ आणि चिमूटभर मीठ, एकेक घोट.

चौथ्या दिवशी पोरांनी तटाच्या उतारावरून पाला खुडून आणला. तरोट्याची कोवळी पानं आबाने घेतली, निबर टाकून दिली. अंबाडी पाहून त्याला आनंद झाला. दीड महिन्यात आंबट तोंडाला लागलं नव्हतं. गोंदा ती तांब्याच्या डेगीत टाकायला निघाला तसा आबाने त्याचा हात धरला. डेगीची कल्हई तळाशी उडून तांबडं दिसत होतं. असल्या भांड्यात आंबट शिजवलं की रात्रीत ओकाऱ्या सुरू होतात. अंबाडी तीन मडक्यांत शिजली, कण्यांची मूठ लावून घोटली. त्या रात्री आजारी लोकांनीही पान पुसून खाल्लं.

"आबा, माले आखो एक पळी दे," दक्षिण बुरुजावरचा एक शिपाई म्हणाला.

"आधी पहाऱ्यावरचे जेवू दे. उरलं तर तुलेच."

उरलं नाही. दुसऱ्या रात्री वाढायची सुरुवात आबाने त्या शिपायापासून केली.

सरपण तीन दिवसांवर आलं तेव्हा आबा हवालदारांकडे गेला.

"पागेचं छप्पर उतरवू द्या."

"सरकारी पागा आहे, आबा. उद्या घोडी आली तर?"

"घोडी तुम्ही ज्येष्ठातच खाली पाठवली. वासे सागाचे आहेत, वरून भिजलेत, पण चिरले की आत कोरडे. एक काढून पाहिला."

"विचारल्याशिवाय?"

"हो. शिजवायचं होतं."

हवालदार गप्प बसले. मग त्यांनी किती वासे आहेत ते विचारलं. आबाने 34 सांगितले, तुळया सोडून. काटकसरीने 10 दिवस जातील. तुळया राहू द्यायच्या, भिंती त्यांच्यावर धरून आहेत. खिळे लोहाराकडे.

"आणि धान्य?"

"13 दिवसांचंच. उरलेलं सरपण धरून दोन्ही बरोबर संपतील."

हवालदारांनी सबनिसाला बोलावून हुकूम लिहायला सांगितला. आबाने तेवढ्यात सबनिसाला ती सहा नावंही खोडायला लावली आणि पश्चिमेच्या बाजूने वासे काढायला गोंदाला कुऱ्हाड देऊन पाठवलं.