घटना नोंद अहवाल: दुसऱ्या मजल्यावरील पॅसेजमध्ये निवासी अतिथी घसरून पडल्याबाबत

ठिकाण: हॉटेलचा दुसरा मजला, लिफ्ट ते खोली क्र. 206 दरम्यानचा पॅसेज, जळगाव
घटनेची तारीख: मंगळवार, 29 एप्रिल 2025
वेळ: रात्री 9:40 च्या सुमारास
नोंद करणार: रात्रपाळीचे ड्युटी मॅनेजर
नोंद पूर्ण केल्याची वेळ: 30 एप्रिल 2025, मध्यरात्रीनंतर 1:20

अतिथी खोली क्र. 206 मध्ये राहतात. वय 63, महिला. आखाजीनिमित्त मुलगा, सून आणि नातवंडांसह सुरतहून आल्या आहेत. खोली 28 तारखेच्या दुपारपासून त्यांच्या मुलाच्या नावे आहे. नाव, पत्ता आणि फोन चेक-इन रजिस्टरमध्ये आहेत. या अहवालात फक्त खोली क्रमांक दिला आहे.

पडताना अतिथींना पाहिलेली व्यक्ती आम्हाला मिळालेली नाही. त्यामुळे खाली कोणी काय पाहिले, कोणी काय ऐकले आणि कोणी काय सांगितले, हे वेगवेगळे लिहिले आहे.

अतिथींनी सांगितलेले (रात्री 9:50, पॅसेजमध्येच खुर्चीवर बसून): त्या खोलीतून स्टीलचा तांब्या घेऊन लिफ्टजवळच्या पाण्याच्या फिल्टरकडे गेल्या. तांब्या भरून परत येत असताना पाय घसरला. त्यांचे शब्द: "मना पाय घसरना, काय व्हयनं ते समजनंच नही." पायात रबरी चप्पल होती. पॅसेजमध्ये उजेड होता आणि समोरचे दिसत होते. जमीन आधीपासून ओली होती का, असे विचारल्यावर "ध्यानात नाही" असे त्यांनी सांगितले. डावा हात टेकला आणि उजव्या कमरेवर बसल्यासारख्या पडल्या, असे त्यांचे म्हणणे आहे. डोके आपटले नाही आणि चक्कर आली नव्हती, हे त्यांनी दोनदा विचारल्यावर दोन्ही वेळा सारखेच सांगितले.

हाऊसकीपिंग कर्मचाऱ्याने सांगितलेले: तो 203 मध्ये जादा गादी टाकत होता. भांडे पडल्याचा आवाज आणि लगेच "अरे देवा" असे ऐकू आले, म्हणून बाहेर आला. अतिथी 204 च्या दारासमोर जमिनीवर बसलेल्या होत्या आणि तांब्या भिंतीकडे आडवा पडला होता. "मावशी, उठायची घाई करू नका, बसूनच राहा," असे म्हणून त्याने इंटरकॉमवरून रिसेप्शनला कळवले. पडताना पाहिले नाही, हे त्याने स्वतःहून सांगितले.

सुनेने सांगितलेले: त्या आवाज ऐकून आल्या तेव्हा सासूबाईंच्या साडीचा काठ ओला होता.

मुलाने सांगितलेले: "पाणी कूलरचंच होतं." हे त्यांचे म्हणणे म्हणून त्यांच्याच शब्दांत लिहिले आहे. पडण्यापूर्वी ते पॅसेजमध्ये आले होते का, या प्रश्नाला त्यांनी "नाही" असे उत्तर दिले.

मी स्वतः 9:46 ला दुसऱ्या मजल्यावर पोहोचलो. फरशी पुसण्याआधी जागेचे पाच फोटो काढले आणि टेपने मापे घेतली. 204 च्या दारासमोर साधारण 60 बाय 35 सेंटिमीटर जागेत पाणी होते. तांब्या त्याच्या कडेला, आत थोडे पाणी शिल्लक. पॅसेजमधला डेझर्ट कूलर त्या पाण्यापासून 1 मीटर 20 सेंटिमीटरवर होता आणि चालू होता. कूलरच्या पुढच्या दोन पायांशी फरशीवर ओल होती. ती ओल आणि 204 समोरचे पाणी यांच्यामध्ये सुमारे अर्धा मीटर फरशी हाताला कोरडी लागली. मात्र तोपर्यंत सहा मिनिटे गेली होती आणि कूलरचा झोत त्याच दिशेने होता, त्यामुळे ती जागा आधीही कोरडी होती असा अर्थ यातून काढू नये. सांडलेले पाणी तांब्यातले, आधीपासूनचे की दोन्ही, हे उपलब्ध नोंदींवरून सांगता येत नाही. या अहवालात ते ठरवलेलेही नाही.

फरशी व्हिट्रिफाइड टाइलची, गुळगुळीत. तिथे पायपुसणे किंवा गालिचा नव्हता. दोन्ही ट्यूबलाइट चालू होत्या. रात्री 9:20 ते 9:27 वीज गेली होती. जनरेटर रजिस्टरप्रमाणे त्या वेळात पॅसेजचे दिवे जनरेटरवर होते. हाऊसकीपिंग रजिस्टरमध्ये या मजल्याची फरशी 7:15 ला पुसल्याची, तर मेंटेनन्स रजिस्टरमध्ये कूलरची टाकी 8:30 ला भरल्याची नोंद आहे. "फरशी ओली आहे" हा पिवळा फलक मी पोहोचलो तेव्हा पॅसेजमध्ये नव्हता, मजल्यावरच्या स्टोअरमध्ये होता.

मजल्यावरचा कॅमेरा लिफ्टच्या दिशेने आहे. 204 चे दार चौकटीबाहेर राहते. फुटेजमध्ये अतिथी तांब्या घेऊन फिल्टरकडे जाताना आणि परत येताना दिसतात, पडताना दिसत नाहीत. परतताना त्यांची चाल नेहमीसारखी आहे की नाही, यावर मत नोंदवलेले नाही, कारण आधीची चाल आम्ही पाहिलेली नाही. कॅमेऱ्याचे घड्याळ रिसेप्शनच्या घड्याळापेक्षा 4 मिनिटे पुढे आहे. फुटेजमध्ये त्या परतताना 9:43 दिसते, रिसेप्शनवर इंटरकॉमची नोंद 9:41 आहे. दोन्ही वेळा होत्या तशाच ठेवल्या आहेत, जुळवून घेतलेल्या नाहीत. 9:30 ते 10:15 चे फुटेज वेगळे जतन केले आहे.

डाव्या मनगटावर सूज दिसत होती. बोटे हलवता येतात, पण दुखते, असे अतिथी म्हणाल्या. उजव्या कमरेत ठणका असल्याचेही त्यांनी सांगितले. जखम किंवा रक्त दिसले नाही. अतिथी 9:48 ला सून आणि कर्मचाऱ्याच्या आधाराने स्वतः खुर्चीवर बसल्या. नॅपकिनमध्ये बर्फ गुंडाळून मनगटाला लावला. मालिश केली नाही, गोळी दिली नाही. 108 वर रुग्णवाहिका बोलावण्याबाबत विचारले. कुटुंबाने स्वतःच्या गाडीने जायचे ठरवले. फरशी 9:55 ला पुसली, कूलर बंद केला आणि दोन्ही बाजूंना फलक ठेवले. अतिथी 10:05 ला लिफ्टने खाली आल्या आणि गाडीत बसल्या. रस्ता माहीत असलेला एक कर्मचारी त्यांच्यासोबत पाठवला.

रात्री 11:50 ला मुलाचा फोन आला. एक्स-रे काढला, मनगटाला प्लास्टर घातले आणि कमरेचे हाड ठीक आहे, असे डॉक्टरांनी सांगितल्याचे त्यांनी कळवले. वैद्यकीय कागद आम्ही पाहिलेले नाहीत. कुटुंब 12:35 ला परत आले. मुलाच्या विनंतीवरून त्यांना 206 ऐवजी तळमजल्यावरील 102 दिली. सामान कर्मचाऱ्यांनी हलवले.

अहवालातील अतिथी व कुटुंबाचे म्हणणे मुलाला 102 मध्ये वाचून दाखवले. आईने तांब्या उजव्या हातात धरला होता, हे जोडावे असे त्यांनी सांगितले. ते येथे नोंदवले आहे. इतर मजकुराबद्दल त्यांनी बदल सुचवला नाही. सही "वाचून दाखवले" एवढ्यासाठीच घेतली आहे, मजकुराशी सहमती म्हणून नाही.

सोबत: पाच फोटो, मापांचा हाती काढलेला नकाशा, हाऊसकीपिंग, मेंटेनन्स व जनरेटर रजिस्टरच्या त्या पानांच्या प्रती, फुटेजची एक प्रत. कूलर बंद अवस्थेत जागेवरच ठेवला आहे. जनरल मॅनेजरांनी पाहीपर्यंत तो उघडू किंवा हलवू नये, असे मेंटेनन्सला लेखी कळवले आहे.

सही,
ड्युटी मॅनेजर, रात्रपाळी
प्रत: जनरल मॅनेजर, विमा फाइल